टायमर सुरू करायच्या आधी

बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, दिवसभराच्या ट्रेनिंगचा डेक कसा करायचा, आणि मला मिळालीत पस्तीस मिनिटं. तुम्ही सगळे ट्रेनिंग देणारीच माणसं, त्यामुळे स्लाईडवर किती ओळी घालायच्या ते मी सांगत बसत नाही. आधी माझी फजिती सांगतो.

खानापूर तालुक्यात बचत गटाच्या बायकांची ट्रेनिंग होती, तीसेक जणी. स्क्रीनवर वेळ दिसायला पाहिजे असं माझं लई दिवसाचं खूळ. पॉवरपॉइंटमध्ये तयार टायमर काय नसतोय, म्हणून आम्ही एक लांब हिरवी पट्टी काढतो, तिला एक्झिटमधलं वाईप अ‍ॅनिमेशन लावतो, की पट्टी हळूहळू पुसत जाते. दहा मिनिटं पाहिजे होती म्हणून रात्री ड्युरेशनमध्ये `10.00` टाकलं आणि झोपलो. सकाळी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, बघा ताई, पट्टी संपेपर्यंत तुमचा वेळ, आणि क्लिक केलं. दहा सेकंदात पट्टी गायब! एक आजी म्हणाल्या, "काय ओ सर, अजून पेनाचं टोपण बी काढलं नाही की." तर तिथं सेकंद असतात, दहा मिनिटांना `600` टाकायचं. आणि आदल्या दिवशी एकदा पूर्ण चालवून बघायचं, चहा पीत का होईना.

पण खरी चूक वेगळीच होती. पट्टी दुरुस्त करून परत लावली, आणि दोन मिनिटांत मागच्या गटातून हात वर, सर काय लिहायचं होतं? प्रश्न आदल्या स्लाईडवर. मी मागं गेलो, दाखवला, पुढं आलो, तर टायमर पहिल्यापासून सुरू, कारण स्लाईडवर परत आलं की अ‍ॅनिमेशन नव्यानं चालतंय. असं तीनदा झालं. दहा मिनिटांचं काम एकवीस मिनिटं चाललं आणि पट्टीवर कुणाचा विश्वास उरला नाही. तेव्हापासून सूचना आणि टायमर एकाच स्लाईडवर: वर सूचना, खाली पट्टी. सूचनेत एवढंच, की गटात किती जण, काय करायचं, कशावर लिहायचं, कोण सांगणार. "चर्चा करा" असं लिहू नका ओ, चर्चा तर त्या चहाला बी करतात. "गेल्या महिन्यातले तीन खर्च चार्टवर लिहा" म्हटलं की हात चालतोय.

आता आपल्याकडची अडचण. अर्ध्या जणी मराठी वाचणाऱ्या, अर्ध्या कन्नड. दोन्ही भाषा स्लाईडवर घातल्या की अक्षर एवढं बारीक होतंय की मागच्या बाकावर कुणालाच दिसत नाही, म्हणजे न्याय दोघींना सारखाच! मी दोन भाषांतली चिठ्ठी प्रत्येक गटात ठेवतो, स्लाईडवर फक्त कामाचे दोन-तीन शब्द दोन्ही लिपीत, आणि आकडे इंग्रजी, ते सगळ्यांना वाचता येतात. गट पाडायला आकडे म्हणायला लावले तर एक म्हणते एरडु, पुढची म्हणते तीन, त्यात काय बिघडत नाही, पण जागेवरनं उठेपर्यंत निम्म्या जणी आपला आकडा विसरून मैत्रिणीशेजारी बसलेल्या असतात. त्यापेक्षा दारात आत येतानाच रंगीत कार्ड हातात द्या.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत. अजून डेकचा विषय काढलाच नाही मी.

बरं, भराभर सांगतो. दहा मिनिटांचा एक्सरसाइज दहा मिनिटांत होत नाही. गट बसायला चार, सूचना समजायला तीन, काम दहा, सहा गटांनी दोन-दोन मिनिटं सांगायचं म्हणजे बारा, तुमचं बोलणं तीन. झाली की बत्तीस. दहा ते पाचमधून जेवणाची पाऊण तास आणि दोन चहा काढले की उरतात ३४५ मिनिटं. त्यात शिकवायचं बी असतंय, म्हणून एक्सरसाइज चार, फार तर पाच. माझ्या पहिल्या डेकमध्ये नऊ होते, शेवटचे तीन बायका बस गाठायला निघून गेल्यावर मी एकट्यानं बघितले.

सगळ्या गटांना सांगायला लावू नका, दोन गट सांगतील, बाकीच्यांनी राहिलेलं तेवढंच जोडायचं. जेवणानंतरच्या पहिल्या स्लाईडला उभं राहून करायचं काम ठेवा.

आणि टायमर आठ मिनिटांचाच लावा, `480`. पुढं दोन मिनिटांची वेगळी स्लाईड, `120`, तयार ठेवा. गट मागे पडलेत असं दिसलं तरच ती दाखवायची, नाहीतर तिच्यावरनं सरळ पुढं. पट्टी संपल्यावर तोंडानं "घ्या अजून पाच मिनिटं" म्हटलं की पुढच्या पट्टीकडं कोण बघतंय ओ. पट्टी सुरू कधी करायची? एखाद्या गटातल्या बाईला विचारा, ताई, काय करायचंय सांगा बघू. तिनं बरोबर सांगितलं की मगच क्लिक.

मागं चहाची किटली आलेली दिसते, थांबतो.