रात्री आठचं औषध

[दृश्य: डिचोली. आषाढातली संध्याकाळ, कौलांवरून पाणी वाहतंय. स्वयंपाकघरात एक हात पाच मिलीच्या मापात सरबतासारखं औषध ओततोय.]

निवेदन:

गोव्याच्या पावसाळ्यात कपाटातले कपडे कुबट होतात, भिंतींना बुरशी धरते आणि घराघरांत पहाटे मुलं खोकू लागतात. दवाखान्यातून येताना पालकांच्या पिशवीत बहुतेक वेळा एक बाटली असते, आणि चिठ्ठीवर तिच्यापुढे लिहिलेलं असतं, 'रात्री एकदा'. या बाटलीत माँटेलुकास्ट असतं.

हे औषध काय करतं ते थोडक्यात पाहू. ॲलर्जीच्या वेळी शरीर ल्युकोट्राइन नावाची रसायनं सोडतं. त्यांच्यामुळे श्वासनलिका आकसतात, आतून सुजतात आणि चिकट स्राव वाढतो. ही रसायनं पेशीवर ज्या जागी जाऊन बसतात, ती जागा माँटेलुकास्ट अडवून धरतं. म्हणून त्याचा उपयोग रोज घेण्याने होतो. दम्याचा झटका आला, मूल धापा टाकायला लागलं, तर त्या क्षणी हे औषध कामाचं नाही. तिथे झटक्यासाठी दिलेला इनहेलरच लागतो, आणि श्वास सुधारला नाही तर १०८.

[दृश्य: फार्मसीच्या काउंटरवर चार प्रकार ओळीने ठेवलेले: पुडी, सरबत, चघळायची गोळी, साधी गोळी.]

निवेदन:

पॅरासिटामॉलचं सरबत वजनावर ठरतं, हे बऱ्याच आईवडिलांना आता माहीत आहे. माँटेलुकास्टचा हिशोब वेगळा आहे, तो वयावर चालतो. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसातून एकदा ४ मिलिग्रॅम, सहा ते चौदा वर्षांना ५ मिलिग्रॅमची चघळायची गोळी आणि पंधरा वर्षांपासून पुढे १० मिलिग्रॅम. पाच वर्षांचा मुलगा अंगाने भरलेला असला, तरी त्याला चारच.

दोन वर्षांखालच्या बाळांसाठी ४ मिलिग्रॅमच्या कणांची पुडी असते. बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असेल, तर हे औषध द्यायचं नसतं. पुडी फोडल्यावर पंधरा मिनिटांत कण बाळाच्या पोटात जायला हवेत. ते सरळ जिभेवर टाकता येतात, चमचाभर गार मऊ भातात कालवता येतात किंवा चमचाभर आईच्या दुधात मिसळता येतात. आपल्याकडे हात आपसूक पेजेच्या वाटीकडे जातो, पण गरम पेजेत हे कण घालू नयेत. वाटीभर पेजेत घातले, तर बाळ अर्धी वाटी ठेवून देतं आणि अर्धं औषधही वाटीतच राहतं.

घरात मोठ्या माणसाची १० मिलिग्रॅमची गोळी असते. ती मोडून सहा वर्षांच्या मुलाला अर्धी दिली, तर आकडा पाचच येतो, त्यामुळे हिशोब बरोबर वाटतो. पण ती गोळी चघळण्यासाठी केलेली नसते, आणि बऱ्याचदा तिच्यात लेव्होसेटिरिझिन हे दुसरं औषधही असतं. नावापुढे 'एलसी' लिहिलेलं असतं ते यासाठीच. लहान मुलांच्या सरबतातही ही जोडी फार चालते. साधारणपणे पाच मिलीत ४ मिलिग्रॅम माँटेलुकास्ट आणि २.५ मिलिग्रॅम लेव्होसेटिरिझिन. दुसऱ्याने थोडी गुंगी येते. म्हणून घरच्यांच्या मनात या बाटलीची ओळख 'झोपेचं, सर्दीचं औषध' अशी होते. पुढे जे घडतं ते समजायला उशीर होतो, त्याचं एक मोठं कारण मला ही ओळख वाटते.

[दृश्य: भिंतीवरचं घड्याळ. आठ वाजलेत.]

निवेदन:

हे औषध रात्री का? दम्याचा त्रास रात्री आणि पहाटे वाढतो, आणि दम्यासाठी या औषधाच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांत ते संध्याकाळीच दिलं गेलं. चघळायची गोळी घेतल्यावर साधारण दोन तासांत रक्तातलं प्रमाण सर्वात जास्त होतं. आठला दिली तर दहाच्या सुमारास. जेवणाआधी की नंतर, याने व्यवहारात फरक पडत नाही. एखाद्या रात्री राहून गेलं, तर दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी नेहमीइतकंच द्यायचं, दुप्पट नाही. फक्त ॲलर्जीच्या सर्दीसाठी दिलं असेल, तर वेळ सोयीनुसार ठरवता येते.

संध्याकाळच्या वेळेत गैर काही नाही. पण तिच्यामुळे असं होतं की औषधाचा त्रास दिसलाच, तर तो पहिल्यांदा अंधारात दिसतो, घर झोपेत असताना.

[दृश्य: अंथरुणावर उठून बसलेल्या मुलाची पाठ. चेहरा दिसत नाही.]

निवेदन:

समजण्यासाठी एक घर डोळ्यांसमोर घेऊ. मुलगा साडेपाच वर्षांचा. जुलैत पहाटेचा खोकला, नाक सतत गळतं. डॉक्टर एलसी सरबत देतात, रात्री पाच मिली. पहिल्या तीन रात्री तो गाढ झोपतो आणि खोकला उतरतो. घरात सगळ्यांना बरं वाटतं.

सहाव्या रात्री दोन वाजता तो किंचाळत उठतो. कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे म्हणतो. आईला ओळखतो, पण शांत होत नाही. आजी म्हणते, "अगो, दृष्ट लागली असेल त्याला." मीठ-मिरची ओवाळली जाते. पुढच्या रात्री पुन्हा तसंच. दिवसाही तो बदललाय. क्षुल्लक कारणावरून धाकट्या बहिणीला मारतो, मग स्वतःच रडत बसतो. आईला शाळेचा संशय येतो, बाबांना मोबाइलचा. नवव्या दिवशी मावशीचा फोन येतो आणि ती विचारते, "ताई, हल्ली नवीन काही औषध सुरू केलंय का?"

या मुलाच्या बाबतीत एक गोष्ट लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. त्याचा खोकला कमी झाला होता, आणि झोप मात्र बिघडली होती. दमा आटोक्यात नसेल तरी मूल रात्री उठतं, पण ते खोकून, छातीत घरघर होऊन उठतं. ताप असेल तर अंग सांगतं. झटक्यासाठीच्या साल्ब्युटामॉलने हात थरथरतात, तोंडावाटे दिलेल्या स्टिरॉइडनेही मूल चिडचिडं होतं. म्हणून ही दोन्ही औषधं चालू होती का, हे आधी तपासायचं. या घरात ती नव्हती. श्वास मोकळा, ताप नाही, आणि तरीही रात्री भीती आणि दिवसा राग. अशा वेळी बोट माँटेलुकास्टकडे जायला हवं.

झोप आणि मन यांवर या औषधाचा परिणाम होऊ शकतो, ही माहिती नवी नाही. ते १९९८ साली बाजारात आलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये याची छाननी करत असल्याचं जाहीर केलं आणि मार्च २०२० मध्ये माहितीपत्रकावर सर्वात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. सौम्य ॲलर्जीच्या सर्दीसाठी दुसरे उपाय पुरत असतील तर हे वापरू नये, असंही तेव्हाच सांगितलं. ब्रिटननेही २०२४ मध्ये आपला इशारा अधिक ठळक केला. बहुतेक मुलांना हे औषध सोसतं, हे खरं आहे. युरोपीय माहितीपत्रकात भयाण स्वप्नं, झोप न लागणं, चिडचिड, आक्रमकपणा हे त्रास ज्या गटात मोडतात, तो गट शंभरात एकापर्यंतचा आहे. भास होणं किंवा जीव देण्याचे विचार त्याहून फार विरळ. पण कोणत्या मुलाला त्रास होईल, हे आधी ओळखता येत नाही. ज्याला कधीच मानसिक त्रास नव्हता, अशा मुलालाही होऊ शकतो.

[दृश्य: शाळेच्या गणवेशातली मुलगी, खिडकीबाहेर पाहतेय.]

निवेदन:

लहान मूल किंचाळतं, म्हणून किमान कळतं तरी. दहावीतली मुलगी किंचाळत नाही. ती जेवायला बसत नाही, मैत्रिणींना टाळते, रात्री जागते. घरचे म्हणतात वय आहे, परीक्षा आहे. तिच्याशी सरळ बोलावं लागतं. तिने जगणं नको वाटतं असं काही म्हटलं, तर सकाळची वाट पाहू नये. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि बांबोळीत मनोरुग्णांसाठीची सरकारी संस्था आहे. बोलताना नव्याने अडखळणं, झोपेत चालणं, विसरभोळेपणा, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत राहणं, हेही याच यादीतले बदल आहेत.

[दृश्य: दवाखाना. डॉक्टरांच्या समोर वही उघडलेली.]

निवेदन:

पुन्हा त्या घरात येऊ. मावशीच्या फोननंतर त्या रात्रीचं औषध दिलं जात नाही, आणि सकाळी आई डॉक्टरांना गाठते. हाच योग्य क्रम आहे. असा त्रास दिसला की माँटेलुकास्ट थांबवायचं आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. ते हळूहळू कमी करत आणावं लागत नाही. काही जण रात्रीऐवजी सकाळी देऊन पाहतात. स्वप्नं औषधामुळे पडत असतील, तर वेळ बदलल्याने औषध शरीरातून जात नाही, म्हणून तो उपाय धरू नये.

आई सोबत वही नेते. बाटली कधी सुरू झाली, कोणत्या रात्री काय झालं, खोकला किती होता, इतर कोणती औषधं दिली. चार ओळींची ही नोंद डॉक्टरांना लांबलचक वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडते. डॉक्टर छाती तपासतात. नाकाच्या त्रासासाठी नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे लिहून देतात. दमा ठरलाच, तर कमी मात्रेचा प्रतिबंधक इनहेलर, त्याला स्पेसर ही पोकळ नळी लावून. दम्याच्या रोजच्या उपचारात तोच पहिला मानला जातो, माँटेलुकास्टपेक्षा त्याचा गुण जास्त येतो. इनहेलरची सवय लागते या भीतीने पुष्कळ घरं सरबत मागतात. ती भीती निराधार आहे.

या मुलाची रात्र काही दिवसांत शांत होते. बहुतेकांचं तसंच होतं. पण काहींचा त्रास औषध थांबवल्यावरही रेंगाळतो, क्वचित थांबवल्यानंतर सुरूही होतो. म्हणून पुढचे काही आठवडे लक्ष ठेवायचं आणि खोकला परततोय का तेही पाहायचं. खरंच औषधामुळेच होतं का हे बघायला घरी पुन्हा एक डोस देऊन पाहू नये.

औषधाच्या अशा त्रासाची नोंद पालकही करू शकतात. देशभरासाठीचा विनामूल्य क्रमांक १८००-१८०-३०२४.

[दृश्य: मुलाच्या फाइलचं पहिलं पान. आईचं अक्षर.]

निवेदन:

फाइलच्या पहिल्या पानावर आई लिहिते: माँटेलुकास्ट, वय साडेपाच, सहाव्या रात्रीपासून भीती आणि चिडचिड, थांबवल्यावर कमी. तिने बाटलीवरचं मोठं नाव लिहिलं नाही, खालचं बारीक अक्षरातलं लिहिलं. हेच औषध डझनावारी नावांनी विकलं जातं. पुढच्या पावसाळ्यात फोंड्यात किंवा म्हापशात दुसऱ्या डॉक्टरांनी दुसऱ्या रंगाची बाटली लिहून दिली, तर फार्मसीत हेच पान दाखवून तिला विचारता येईल, यात ते आहे का?