चार कोटी अंक, न लिहिता मोजलेले

ऑक्टोबर २०२४ मध्ये एक नवी मूळ संख्या जाहीर झाली. सूत्रात ती एका ओळीत मावते: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. पण पूर्ण लिहून काढली आणि सेकंदाला एक अंक या वेगाने वाचत बसलं, तर अखंड ४७५ दिवस लागतील. मग तिच्यात नेमके किती अंक आहेत, हे ती न लिहिता कसं सांगायचं?

आधी लहान संख्या घेऊ. १०० ते ९९९ सगळ्या तीन अंकी. १०० हा १० चा दुसरा घात, १००० हा तिसरा. म्हणजे तीन अंकी संख्येसाठी १० चा घातांक २ असतो किंवा २ आणि ३ च्या मध्ये कुठेतरी. या घातांकालाच आपण लॉग म्हणतो. त्याचा दशांश भाग सोडायचा आणि उरलेल्या पूर्णांकात १ मिळवायचा. काही जण त्याऐवजी लॉग थेट पुढच्या पूर्णांकावर नेतात. ५०० ला ते जमतं. पण १००० चा लॉग बरोब्बर ३. पुढे न्यायला काही उरतच नाही, आणि चार अंकी संख्या तीन अंकी ठरते.

आता ती प्रचंड संख्या. घाताचा लॉग काढायला फक्त एक गुणाकार पुरतो: घातांक गुणिले २ चा लॉग. पाच दशांश स्थळांपर्यंत २ चा लॉग आहे ०.३०१०३. गुणाकार येतो ४,१०,२४,३२०.५३६. म्हणजे अंक ४,१०,२४,३२१.

हे उत्तर चुकलं आहे. एका अंकाने.

खरा लॉग आहे ०.३०१०२९९९५६६… फरक थेट नवव्या दशांश स्थळावर. एरवी तो कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण त्याला साडेतेरा कोटींहून मोठ्या घातांकाने गुणलं, की तो ०.५९ होतो. खरा गुणाकार आहे ४,१०,२४,३१९.९४५; तेवढ्या फरकाने तो पूर्णांकाची सीमा ओलांडून गेला. म्हणून गुणाकार केल्यावर लॉगमधली संभाव्य चूक घातांकाने गुणून पाहावी. तेवढ्या अंतरात एखादा पूर्णांक येत असेल, तर आणखी दशांश स्थळं घ्यायलाच हवीत. इथे ती घेतली, की उत्तर येतं ४,१०,२४,३२० अंक.

आणि ते ‘वजा १’? १००० मधून १ गेला की ९९९, एक अंक कमी. ही भीती फक्त १० च्या घातांना. २ च्या घाताचा शेवटचा अंक शून्य कधीच नसतो, म्हणून इथे अंकांची संख्या तीच राहते.

सोडून दिलेला दशांश भागही वाया जात नाही. १० चा ०.९४५३ वा घात येतो साधारण ८.८१७. म्हणजे ही संख्या ८८ ने सुरू होते. शेवटही कळतो: २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. घातांकाला ४ ने भागलं तर बाकी १ उरते, म्हणून शेवटी २. त्यातून १ वजा, म्हणजे अखेरचा अंक १.