फऱ्या: पावसाआधीची लस आणि आधी ठरवलेला खड्डा

(पुण्यात पशुपालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, मावळ, मुळशी, वेल्हे, भोर अशा पावसाच्या पट्ट्यातून तुम्ही इथे आला आहात, म्हणून आज मी एकाच रोगाबद्दल बोलणार आहे. फऱ्या. काही गावांत त्याला एकटांग्याही म्हणतात. हा रोग मरतुकड्या जनावराला फारसा शिवत नाही. गोठ्यातलं सगळ्यांत तकतकीत, अंगानं भरलेलं, सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंतचं वासरू तो उचलतो. ज्या गोऱ्ह्याकडे पाहून पुढच्या वर्षी जोडी लावायची ठरवलेली असते, नेमका तोच जातो.

असं का होतं, ते आधी समजून घेऊ. या रोगाचा जंतू आहे क्लॉस्ट्रिडियम शोव्हाय. तो हवेत वाढत नाही. हवा लागली की तो स्वतःभोवती टणक कवच करतो आणि बीजाणू होऊन मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो. पहिल्या पावसानं माती वर-खाली होते, वाहते, आणि कोवळं आखूड गवत जनावर मुळासकट, मातीसकट ओढतं. बीजाणू पोटात जातात. तिथून रक्तावाटे स्नायूंत पोहोचतात आणि गुपचूप बसून राहतात. जनावर अगदी ठणठणीत दिसतं. मग कुठे मुका मार लागतो, जनावर घसरतं, धावपळ होते, टेम्पोत दाटीवाटीनं उभं राहावं लागतं. मार लागलेल्या जागी रक्तपुरवठा कमी पडतो, प्राणवायू संपतो आणि बीजाणूला हवी ती जागा मिळते. तो जागा होतो, वाढतो, विष सोडतो, वायू करतो. भरलेल्या स्नायूंत त्याला खायला भरपूर मिळतं. म्हणून मांडी, खांदा, पाठ, मान अशा मांसल जागीच सूज येते.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याला चिकटत नाही. पण एकाच रानात चरलेल्या सगळ्यांच्या पोटात तीच माती गेलेली असते. त्यामुळे एक गेलं की दावणीवरच्या बाकीच्यांकडे वळायचं.

मुळशीकडच्या एका गोठ्यातली जुलै महिन्यातली गोष्ट सांगतो. सव्वा वर्षाचा खिलार गोऱ्हा. संध्याकाळी रानातून येताना कळपात सगळ्यांच्या मागे राहिला आणि रात्री वैरणीला तोंड लावलं नाही. सकाळी उजवा मागचा पाय उचलून उभा. घरच्यांना वाटलं, धोंड्यावरून घसरला असेल, पाय मुरगळला असेल. गरम तेल चोळलं. दुपारी मांडीवर तळहाताएवढी सूज आली. हात लावला की गोऱ्हा लाथ मारायचा, इतकी ती गरम आणि दुखरी होती. कुणीतरी डाग द्यायला सांगितलं, सुदैवानं दिला नाही. दिवस कलल्यावर मला फोन आला तो असा: "डॉक्टरसाहेब, आता बरं वाटतंय. सूज गार पडली, हात लावला तरी काही म्हणत नाही. अंगही तापलेलं नाही. उद्या सवडीनं आलात तरी चालंल."

हे ऐकून मी गाडी काढली. फऱ्यात सूज गार पडणं आणि दुखायची थांबणं ही सुधारणा नसते. तिथला स्नायू मेलेला असतो, म्हणून दुखत नाही. सुरुवातीला १०४ ते १०६ अंश फॅरेनहाइटपर्यंत चढलेला ताप शेवटी साध्या तापमानाच्याही खाली उतरतो. मी पोहोचलो तेव्हा थर्मामीटरनं ९८ दाखवलं, निरोगी वासराला ते १०१ ते १०२ असतं. मांडीवरची कातडी कोरडी, ताठ आणि काळपट झाली होती. सूज बोटांनी दाबली की आत वाळक्या पाचोळ्यावर पाय पडल्यासारखी चरचर व्हायची. ती वायूची चरचर. मुरगळलेल्या पायात ती कधीच येत नाही. एवढी खूण तुम्ही स्वतः ओळखू शकता. मात्र चरचर येईपर्यंत थांबू नका, कारण तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. पावसाळ्यात तरणं वासरू एकाएकी लंगडलं आणि त्याला ताप आहे, एवढ्यावरच फोन करा. १९६२ हा क्रमांक फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठीच आहे.

गोऱ्हा रात्रीत गेला. पहिल्या लंगडण्यापासून मरेपर्यंत एक दिवसही पुरता झाला नव्हता. फऱ्यात बहुतेक वेळा बारा ते अठ्ठेचाळीस तासांत खेळ आटोपतो. पण त्याच रात्री आम्ही कंदिलाच्या उजेडात बाकीच्या वासरांचे ताप घेतले. एक कालवड लंगडत नव्हती, रवंथ मात्र बंद होता आणि ताप १०५. तिला लगेच पेनिसिलीन सुरू केलं आणि ती वाचली. पेनिसिलीन या जंतूला मारतं, पण स्नायू सडून गेल्यावर त्या जागी औषध पोहोचायला रक्तच उरत नाही. तोवर सुटलेलं विषही ते परत घेऊ शकत नाही. आणि सुजेवर डाग देऊ नका, ती चिरू नका. चिरलेल्या सुजेतून काळपट, फेसाळ, आंबूस वासाचं पाणी गोठ्याच्या जमिनीवर सांडतं, आणि पुढच्या वर्षांचे बीजाणू तुम्ही स्वतःच्या दावणीखाली पेरून ठेवता.

आता लस. फऱ्याची लस मारलेल्या जंतूंची असते. इथे औंधला पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत ती तयार होते. घटसर्प आणि फऱ्या यांची एकत्र लसही मिळते. फऱ्याच्या साध्या लशीची गाय-वासरांसाठीची मात्रा सहसा ५ मिलिलिटर, मानेच्या कातडीखाली, वर्षातून एकदा. बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर बाटलीवरचं खरं. लस टोचल्याबरोबर संरक्षण मिळत नाही, दोन-तीन आठवडे जावे लागतात. आपल्याकडे पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो. म्हणजे सुई मे महिन्याच्या मध्यापर्यंत लागलेली बरी. पाऊस पडल्यावर, शेजारच्या वाडीत एक गेल्यावर मग धावाधाव केली, तर मधले दोन आठवडे उघडेच राहतात.

त्या मुळशीच्या गोठ्यात लसीकरण झालेलं होतं, आणि तरीही हा गोऱ्हा गेला. कारण विचारलं तेव्हा कळलं की मे महिन्यात गावात पथक आलं त्या दिवशी घरच्यांनी दुभत्या गाई पुढे केल्या आणि तरणी जनावरं माळावर होती. हे मी वरचेवर बघतो. दूध देणाऱ्या गाईची काळजी आधी वाटते, आणि ज्याला खरा धोका आहे ते वासरू सुटतं. त्या दिवशी गोऱ्हे-कालवडी दावणीला बांधून ठेवा.

दुसरी फट वयाची आहे. सहा महिने पूर्ण झालेल्या वासराला लस देतात. समजा वासरू जानेवारीच्या शेवटी जन्मलं. मे मध्ये ते जेमतेम चार महिन्यांचं, म्हणून वगळलं जातं. जुलैच्या शेवटी ते सहा महिन्यांचं होतं, भर पावसात, भर धोक्यात, आणि पुढचं पथक थेट पुढच्या मे मध्ये. अशा वासरांची जन्मतारीख गोठ्यातल्या कॅलेंडरवर लिहा आणि सहा महिने भरले की दवाखान्यात घेऊन जा. गावात दरवर्षी फऱ्या होत असेल तर लहान वयात पहिली सुई आणि नंतर पुन्हा एक, असा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात, त्यांना विचारा.

लशीची बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. बर्फाच्या खणात ठेवून गोठवली की ती वाया गेली. गोठून वितळलेली लस हलवून ठेवली तर तिच्यात मोठे कण दिसतात आणि गाळ भराभर खाली बसतो. चांगली लस हलवल्यावर दुधासारखी एकजीव होते आणि बराच वेळ तशीच राहते. टोचल्या जागी छोटी गाठ येते, एखादा दिवस अंग कोमट लागतं. त्याला घाबरू नका. ताप असलेल्या जनावराला मात्र लस टोचायची नाही.

आता गोऱ्ह्याच्या मृत शरीराकडे येतो. सकाळी घरच्यांना शंका आली की कुणी विष घातलं का, पोट फाडून बघू. मी हात जोडून थांबवलं. एकाएकी मेलेलं जनावर फऱ्यानं गेलं की काळपुळीनं, हे नुसतं बघून खात्रीनं सांगता येत नाही. काळपुळीत नाका-गुदातून काळं, न गोठणारं रक्त येतं आणि शरीर नीट ताठत नाही, पण दरवेळी असं ठळक दिसेलच असं नाही. काळपुळी माणसाला होते. म्हणून आधी कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन तपासायचा. काळपुळी नाही हे कळल्यावर मग सुजेतलं पाणी सुईनं काढून औंधच्या रोग निदान प्रयोगशाळेकडे पाठवता येतं. कातडं काढायचं नाही, मांस वापरायचं नाही, कुत्र्यांना जवळ फिरकू द्यायचं नाही. रबरी हातमोजे घालूनच हात लावायचा.

खड्ड्यासाठी पहिली जागा घरामागे ओढ्याकाठी पाहिली. तीन फुटांवर पाणी लागलं. जुलै महिन्यात मावळात, मुळशीत दुसरं काय होणार? मग वरच्या मुरमाड माळावर, विहीर आणि ओढ्यापासून लांब, जेसीबीनं सहा फूट खोल खड्डा घेतला. जाळायचं म्हटलं तर त्या पावसात कोरडं लाकूड मिळत नव्हतं. म्हणून माझं म्हणणं आहे की ही जागा लशीसोबत मे महिन्यातच गावानं ठरवून ठेवावी.

गोऱ्ह्याच्या नाका-तोंडात आणि गुदात जंतुनाशकात भिजवलेला कापूस कोंबला. त्याला फरफटत नेलं नाही, ताडपत्रीवर घेऊन ट्रॉलीत चढवलं. तो पडला होता तिथली लाळ-रक्तानं भिजलेली माती खरवडून, उरलेली वैरण आणि ताडपत्रीसुद्धा खड्ड्यात टाकली. चुना टाकला, पण चुन्यानं बीजाणू मरतात या भरवशावर राहू नका, खरं काम खोलीच करते. साधं मेलेलं जनावर पुरताना वायू निघावा म्हणून पोटाला चीर देतात, ती इथे द्यायची नाही. शरीरावर किमान तीन फूट माती बसली पाहिजे, आणि वर ढीग ठेवायचा. पुढे आतलं शरीर सडून बसलं की माती खचते, आणि सपाट केलेली असेल तर तिथे पाणी साठतं. ढिगावर काटेरी फांद्या आणि मोठे दगड रचले. ट्रॉली ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुतली, तेही तिथेच माळावर. त्या जागेवरचं गवत कापून आणायचं नाही, आणि तिथे जनावरं चरू द्यायची नाहीत.