भाऊबीजेचा निरोप

श्रोतेहो, नमस्कार. फराळाचे डबे भरून झाले असतील, आता भावाला निरोप लिहायचा राहिलाय. फुलापणत्यांचं तयार चित्र फोनवर आलंच असेल. ते पुढे पाठवू नका, पाचसहा ओळी स्वतः लिहा.

कसं लिहायचं, ते यमुनेकडून शिकावं. यम तिचा भाऊ. ती सारखी बोलवायची, "घरी जेवायला ये." त्याला कामातून सवड कुठली? आज नाही, उद्या नाही. शेवटी कार्तिक शुद्ध द्वितीयेला तो दारात उभा राहिला. तिनं त्याला न्हाऊ घातलं, ओवाळलं, पोटभर जेवू घातलं. यम प्रसन्न झाला, म्हणाला, "माग." तिनं ना दागिना मागितला, ना राज्य. म्हणाली, "दरवर्षी याच दिवशी माझ्याकडे जेवायला ये. आणि आज जो भाऊ बहिणीच्या हातचं जेवेल, त्याला तुझं भय नसू दे." म्हणून ही यमद्वितीया.

तिनं स्तुती केली नाही. दिवस सांगितला, जेवण सांगितलं, ये म्हणाली. आपल्या निरोपातही तीनच गोष्टी हव्यात: एक आठवण, एक आजची गोष्ट, एक बोलावणं. पुन्हा सांगते, आठवण, आजची गोष्ट, बोलावणं.

समजा, भाऊ नागपुरात, बहीण पुण्यात, आणि यंदा त्याला सुट्टी नाही. तिनं असं लिहावं:

"दादा, माझ्या सायकलची चेन निघाली की तू बसवायचास आणि काळे हात चड्डीला पुसून आईची बोलणी खायचास. काल तुझ्या भाच्यानं अगदी तसेच पुसले. करंज्या कुरियरनं पाठवल्यात, सुक्या खोबऱ्याच्या आहेत, ओल्या नारळाच्या वाटेत खराब झाल्या असत्या. संध्याकाळी साडेसहाला व्हिडिओ कॉल करते, टोपी घालून पाटावर बस. डिसेंबरात हुरड्याला ये, तेव्हा पुन्हा ओवाळीन."

आता यातला 'दादा' पुसून शेजारणीच्या भावाला पाठवून पाहा. जमणार नाही. 'तू माझा आधार आहेस' हे मात्र कुणालाही चालतं, तिथंच निरोप फसतो. दुसरं, लग्न कधी, नोकरी कधी, हे आज नको, त्यानं निरोपाची चौकशी होते. आणि घरच्या ग्रुपवर टाकू नका, त्याला एकट्याला पाठवा. चारचौघांत चड्डीची आठवण निघाली की तो नुसता अंगठा पाठवून गप्प बसेल.

निरांजन तुपाचंच हवं बरं का, विजेच्या दिव्यानं ओवाळणं मला मुळीच पटत नाही.

निरोप सकाळीच जाऊ द्या. आपण आधी चंद्राला ओवाळतो, मग भावाला, आणि बीजेची कोर सूर्य बुडाल्यावर तास-सव्वा तासात मावळते. कॉलची वेळ दुपारनंतर कळवली, तर तो तेव्हा कामावरून परतत असेल आणि पाट रिकामाच राहील.