सुळा पुढे आणायचा, की जागा राखायची?

पडद्यावर तेरा वर्षांच्या एका मुलीचा ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे आहे. वरच्या दोन मोठ्या पटाशीच्या दातांना लागून एकेक लहान पटाशीचा दात असायला हवा. तो दोन्ही बाजूंना नाही. हिरडीत अडकलेला असता तर एक्स-रेत दिसला असता. इथे त्याचा अंकुरच धरला नाही. मोकळी जागा पाहून सुळे पुढे सरकलेत आणि त्यांच्यामागे फटी पडल्यात.

"डॉक्टर, इम्प्लांटच बसवून टाकू या ना?" आई विचारते.

अडचण वयाची आहे. दात वाढत्या जबड्याबरोबर हळूहळू खाली उतरत राहतात. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला स्क्रू आणि त्यावरचा कृत्रिम दात. ते हाडाला थेट जखडलेलं असतं, जागचं हलत नाही. आज बसवलं, तर काही वर्षांत शेजारचे दात खाली येतील आणि हा एकटा आखूड, वर राहिलेला दिसेल. म्हणून वाढ थांबेपर्यंत वाट पाहायची. तीही नुसती नाही: तारा लावून सुमारे साडेसहा मिलिमीटर जागा करायची आणि शेजारची मुळं समांतर ठेवायची. बरेचदा वरून जागा छान दिसते, आत मात्र मुळं एकमेकांकडे झुकलेली असतात आणि स्क्रूला वाट उरत नाही. शिवाय दात नसलेलं हाड हळूहळू बारीक होतं.

तोवर, किंवा कायमचाही, एका पंखाचा चिकटवलेला ब्रिज चालतो: कृत्रिम दात, त्याला एक पातळ पंख, आणि तो पंख शेजारच्या दाताच्या मागे चिकटवलेला. शेजारचा दात फारसा घासावा लागत नाही. ब्रिज निघाला तर पुन्हा चिकटवता येतो. दोन पंखांच्या ब्रिजचा एक पंख सुटला, तरी दुसरा त्याला धरून ठेवतो. पेशंटला पत्ता लागत नाही आणि सुटलेल्या पंखाखाली दात किडतो.

या मुलीच्या वरच्या दाढा खालच्यांपेक्षा थोड्या पुढे बसतात, खालची ओळ नीट आहे, सुळे अरुंद आणि फिकट आहेत. अशा तोंडात मी फट बंद करण्याकडेच, म्हणजे सुळा पुढे आणून नसलेल्या दाताच्या जागी बसवण्याकडेच झुकेन. सुळे रुंद, पिवळसर असते किंवा वरचा ओठ आधीच आत गेलेला असता, तर जागा राखणं बरं.

मात्र नुसता दात सरकवून भागत नाही. सुळ्याचं टोक घासायचं, कोपरे कंपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरावाने भरायचे. सुळ्याची हिरडी उंचावर असते, म्हणून तो तारेने किंचित खाली ओढायचा. त्यामागची उपदाढ वर ढकलून तिची हिरडी उंचावर न्यायची, म्हणजे ती सुळ्यासारखी दिसते. उपदाढेचा आतला उंचवटा खालच्या दातांना लागत असेल, तर तोही घासायचा. हे टाळलं, की हसताना सुळा सुळाच दिसतो.

तारा निघाल्यावर पुढच्या दातांमागे बारीक तार चिकटवून ठेवतात, कारण बंद केलेली फट पुन्हा उघडू पाहते.