गठ्ठे सोडण्याआधी

सोलापुरातल्या एका शाळेचं सभागृह. निबंध स्पर्धेचे गठ्ठे कोपऱ्यात बांधलेलेच आहेत. आज त्यांना हात लावायचा नाही, आधी सगळ्या परीक्षकांचं माप जुळवायचंय. सहा परीक्षकांसमोर पाचच निबंधांच्या झेरॉक्स आहेत. विषय गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची जत्रा, गुण दहापैकी.

हे पाच निबंध मुख्य परीक्षक मॅडमनी आणि दोन ज्येष्ठ शिक्षकांनी आधी आपापले वेगळे तपासले, मग एकत्र बसून गुण ठरवले: 7, 5, 8, 6, 4. प्रत्येक आकड्यामागचं कारणही लिहून ठेवलं. हे गुण परीक्षकांना अजून सांगितलेले नाहीत.

सभागृहात कुणी बोलत नाही, आणि हे ठरवून आहे. एकाने ‘मी सात दिले’ म्हटलं, की बाकीच्यांचे पेन नकळत सातकडे वळतात.

तासाभराने सगळे गुण फळ्यावर येतात. एका सरांचे आहेत 5, 3, 6, 4, 2. प्रत्येक निबंधाला बरोबर दोन कमी. हात आखडता आहे, पण कोणता निबंध सरस हे त्यांनी अचूक ओळखलंय. त्यांना फक्त थोडं सैल व्हायचंय.

खरी अडचण शेजारच्या रकान्यात आहे. 5, 7, 6, 8, 4. बेरीज तीस. ठरलेल्या गुणांची बेरीजही तीसच! नुसती सरासरी पाहिली असती, तर या बाई सगळ्यांत बिनचूक ठरल्या असत्या. पण क्रम पाहा. सातचा निबंध पाचवर उतरलाय, पाचचा सातवर चढलाय.

दोन्ही निबंध पुन्हा वाचले जातात. चढलेल्याचं अक्षर मोत्यासारखं. सुरुवात, ‘मानवी जीवनात जत्रेला अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ पुढे दीड पानात गड्डा कुठेच नाही. उतरलेल्याचं अक्षर वाकडंतिकडं, शुद्धलेखन कच्चं, पण त्यात एक ओळ आहे: ‘पाळणा बंद झाला की बाबा त्याच्याच खाली झोपतात.’

बाई ती ओळ दोनदा वाचतात. म्हणतात, “अक्षरावरच अडले मी. इथवर मन लावून वाचलंच नव्हतं.”

गुणदानाच्या तक्त्यात आशयाला पाच गुण आहेत, मांडणीला तीन, शुद्धलेखनाला दोन. अक्षराला एकही नाही. मॅडम सुचवतात, आधी आशयाचे गुण लिहा, मगच बाकीचे.

दुपारी नवे पाच निबंध. जुने देऊन उपयोग नाही, त्यांचे गुण आता सगळ्यांना पाठ आहेत. ठरलेले गुण 6, 8, 5, 7, 3. बाईंचे येतात 5, 8, 4, 7, 3. फरक एका गुणाच्या आत, क्रम तोच. एका परीक्षकाचा फरक अजून दोन-तीन गुणांचा आहे. त्यांना उद्या गठ्ठा मिळणार नाही, तिसऱ्या फेरीला बसावं लागेल.

आजचा मेळ उद्या दुपारच्या थकव्यात सुटू शकतो. म्हणून संध्याकाळी मॅडम प्रत्येक गठ्ठ्यात, नाव झाकलेल्या बाकी झेरॉक्समध्ये, गुण ठरलेले दोन नवे निबंध मिसळतात. कोणते, ते फक्त त्यांच्या वहीत आहे.