डायरीतले एकशे वीस तास

नमस्कार श्रोतेहो. राष्ट्रीय सेवा योजना म्हणजे आपली एनएसएस. १९६९ पासून चालत आलेल्या या योजनेच्या तासांचा हिशेब मी कॉलेजात कार्यक्रम अधिकारी म्हणून बरीच वर्षं ठेवतो आहे. मुलांची सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते, म्हणून आज त्याच्याबद्दल बोलतो.

स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास भरायचे असतात. दोन वर्षांचे २४०, आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर. तेवढं झालं की प्रमाणपत्र. शिबिराचे दिवस या १२० तासांत धरत नाहीत, हे मात्र बऱ्याच जणांना फेब्रुवारीत कळतं.

त्या १२० तासांची विभागणीही ठरलेली आहे. २० तास उद्बोधन आणि कौशल्य शिकण्याचे, कॉलेजच्या आवारातलं काम जास्तीत जास्त ३०, आणि उरलेले ७० तास लोकांमध्ये, म्हणजे बहुधा दत्तक गावात.

मागे एक विद्यार्थिनी डायरी घेऊन आली. बेरीज १२६ तास, चेहऱ्यावर आनंद. मी पानं उलटली. उद्बोधन १६, गावातलं काम ६२ आणि आवारातलं ४८. स्नेहसंमेलनाला खुर्च्या लावल्या, प्रवेशाच्या वेळी टेबलावर बसली, बाग झाडली. काम तिने खरंच केलं होतं, पण आवारातले ३०च्या वरचे १८ तास धरता येत नाहीत. उरले १०८. कॉलेजने मुलांना हक्काचं मनुष्यबळ समजून राबवलं की असं होतं. त्यात तिची चूक नव्हती, वेळीच न सांगणाऱ्या आमची होती.

डायरी खरी की बसून लिहिलेली, तेही लगेच कळतं. वर्षभराच्या नोंदी एकाच शाईत, दर रविवारी ‘८ ते १२, ग्रामस्वच्छता’. हजेरीपटाशी ताडून पाहिलं तर त्यातल्या एका रविवारी पेपर असतो. खरी नोंद अशी असते: ‘सकाळी ८ ते ११, शाळेमागे शोषखड्डा, आम्ही पाच जण, तीन फुटांवर मुरूम लागला.’ म्हणून माझं सांगणं एवढंच, की त्याच दिवशी लिहा आणि त्याच आठवड्यात सही घ्या. महिन्याभरानंतर मलाही आठवत नाही कोण आलं होतं.

आता पदवीच्या नव्या रचनेत अशा कामाला श्रेयांकही मिळतात. यूजीसीच्या २०२२च्या आराखड्यात समाजकार्याच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले आहेत. आपल्या विद्यापीठाने एनएसएसला किती श्रेयांक ठेवलेत, ते सत्र सुरू होतानाच विचारून घ्या.

त्या मुलीला १२ तास कमी पडत होते. चार तास तिने प्रथमोपचाराच्या वर्गात भरले, ते उद्बोधनात गेले. उरलेले आठ दोन रविवारी, ओढ्यावर वनराई बंधाऱ्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून. शेवटच्या नोंदीखाली तिने लिहिलं होतं, ‘४१ पोती, संध्याकाळपर्यंत पाणी वीतभर चढलं.’ त्याखाली मी सही केली.